साडेदहा विजय

लग्न होऊन मी गिरगावातल्या फणसवाडीतून लालबागला आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू नेमका काय करतंस गो ऑफिसात?"

मी म्हटलं, "आकडे काढते."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. गिरणगावात ज्यांची तरुणपणं गेली त्या माणसांना "आकडा" या शब्दाचा मटक्याचा एकच अर्थ ठाऊक आहे, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग मी नीट सांगितलं. मी संख्याशास्त्र शिकले. परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. परदेशात जिथे खेळांवर पैसे लावणं कायद्याने चालतं, तिथल्या परवानाधारक कंपन्यांना आम्ही भाव काढून देतो. कुठला संघ जिंकेल याचे, कितीने जिंकेल याचे. आम्हाला स्वतःला एक पैसाही कुठे लावायची परवानगी नाही, आणि लावावासा वाटतही नाही. मिठाईवाल्याला पेढ्याचं कौतुक नसतं, तसंच.

"म्हणजे लावणाऱ्यांचा नाय, घेणाऱ्यांचा काम," सासरे म्हणाले. त्यांनी ते मान्य केलं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. ते स्वतः कबड्डीचे जुने पंच. पंचाला कुणाची बाजू घ्यायची नसते, त्यामुळे बहुधा माझं काम त्यांना फार परकं वाटलं नसावं.

कबड्डी माझ्याकडे आली ती त्यानंतर काही वर्षांनी. आमच्या एका परदेशी गिऱ्हाइकाला कबड्डीच्या लीगवर हंगामी भाव हवे होते. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघापुढे एक रेषा मांडायची, समजा साडेनऊ विजय, आणि लोकांनी सांगायचं की संघ त्याच्या वर जाईल की खाली राहील. आमच्या विभागाची प्रमुख खोताच्या वाडीतली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिच्या घरात तीन पिढ्या हॉकी खेळल्या, पण कबड्डीतलं तिला काही कळत नाही हे ती उघड सांगायची.

"तू लालबागची सून ना? मग हे तुझंच," ती म्हणाली. "मला फक्त शेवटी सांग, कुठे पाय घसरेल ते."

मी आनंदाने घेतलं. इतरांच्या रेषा बघून त्यात थोडा फेरफार करायचा, अशी कामं मी भरपूर केली होती. शून्यापासून सगळं आपण उभं करायचं, ही पहिलीच वेळ होती.

खेळाडूंचा लिलाव संपला आणि मी कामाला बसले. आधी प्रत्येक संघाला एक मान द्यायचा: सरासरी संघाशी तटस्थ मैदानावर खेळला तर हा संघ किती गुणांनी पुढे राहील? मागच्या हंगामांतला प्रत्येक खेळाडू चढाईत किती कमावतो, पकडीत किती वाचवतो, त्यावरून तो मान निघतो. कुणाला अधिक चार, कुणाला उणे पाच. मग कुठल्याही दोन संघांच्या मानातला फरक घेतला की त्या सामन्यात कोण जिंकण्याची शक्यता किती, आणि सामना बरोबरीत सुटण्याची किती, हे काढता येतं. मग सगळे एकशे बत्तीस सामने संगणकावर खेळवायचे. एकदा नव्हे, दहा हजार वेळा. प्रत्येक वेळी प्रत्येक संघाचे विजय मोजायचे. कधी सात, कधी अकरा, क्वचित सोळा. हा सगळा पसारा म्हणजेच त्या संघाचा हंगाम. एक आकडा म्हणजे हंगाम नव्हे.

इथे एक जागा आहे जिथे नवी माणसं फसतात. आपण दिलेला मान पक्का धरून खेळवलं तर तो पसारा फार आखूड येतो. प्रत्यक्षात मानच चुकलेला असू शकतो. एखाद्याचा गुडघा जातो, एखादा पोरगा वर्षभरात दुप्पट चांगला होऊन येतो, प्रशिक्षक बदलतो. म्हणून मी प्रत्येक काल्पनिक हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक संघाचा मान थोडा वरखाली हलवायचे आणि मगच सामने खेळवायचे. किती हलवायचा, हे मागच्या हंगामांवरून ठरवलं: आधी बांधलेला अंदाज आणि शेवटी घडलेलं, यांत दरवेळी किती अंतर पडलं होतं ते बघून. पसारा चांगलाच रुंदावला. आपल्या मुंबईच्या संघाला पंधरा किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता आखूड हिशेबात तिसात एक होती, रुंद हिशेबात ती बारात एक झाली. गिऱ्हाईक याच गोष्टीवर वेगळा भाव देणार होतं. तिसात एक समजून त्याने भाव दिला असता तर त्याचे हाल झाले असते.

आणि मुंबईच्या संघाचा मान आला जवळजवळ शून्य. अगदी सरासरी. सरासरी विजय दहाच्या किंचित वर.

मला माहीत होतं की यावरून रामायण होणार. लिलावात त्या संघाने देशातला सगळ्यात महाग चढाईपटू घेतला होता. लालबाग-परळमध्ये त्याचे फलक लागले होते. पण त्याला घेण्यासाठी त्यांनी दोन्ही कोपऱ्यांतले अनुभवी बचावपटू सोडले होते. चढाईत कमावलेलं पकडीत जाणार, हे माझ्या कोष्टकात स्वच्छ दिसत होतं.

गिऱ्हाइकाचा माणूस दर बुधवारी व्हिडिओवर भेटायचा. त्याचे आजोबा गुजरातेतले, तो स्वतः परदेशातच वाढलेला. हुशार, बोलका, मनाने मोकळा. कबड्डीचं त्याला मनापासून वेड. त्याने स्वतःच्या रेषांची यादी आधीच करून ठेवली होती आणि ती आमच्या यादीशी ताडून बघायची होती.

"बाकी सगळं बघू," तो इंग्रजीत म्हणाला, "पण तुमच्या शहराचा संघ साडेदहा? मी साडेअकरा ठेवलाय, दोन्ही बाजूंना सारखा भाव, एक सत्याऐंशी. त्या चढाईपटूवर तुझा विश्वास नाही?"

"त्याच्यावर आहे. कोपऱ्यांवर नाही."

"लोक वरच लावणार. चाहते आहेत ते. रेषा वर ठेवली तर आपलाच फायदा."

आमची प्रमुख माझ्याकडे बघत होती. ती मध्ये पडली नाही. तिची ही सवय मला फार आवडायची.

मी म्हटलं, "तुमच्या बारा रेषांची बेरीज केलीत कधी?"

"का?"

"एकशे पस्तीस होते."

त्याने यादी पुढे ओढली. मी पुढे म्हटलं, "सामनेच एकशे बत्तीस आहेत. प्रत्येकात फार तर एक विजेता. वरचे तीन विजय कुठून आणणार? आणि कबड्डीत बरोबरी होते. बरोबरी झाली की तो विजय कुणाच्याच खात्यात जात नाही. माझ्या हिशेबाने नऊएक सामने बरोबरीत जातील. म्हणजे वाटायला विजय आहेत एकशे तेवीस. तुम्ही बारा संघांमध्ये मिळून बारा विजय जास्तीचे वाटलेत. संघामागे एक."

तो मोठ्याने हसला. "मी दोन रात्री त्या यादीवर बसलो होतो," तो म्हणाला.

मला त्याचं हसणं आवडलं. चूक दाखवली की बरेच लोक ताठ होतात. त्याने तिथल्या तिथे दहा रेषा माझ्याप्रमाणे खाली आणल्या. अकराव्यावर आम्ही थोडी घासाघीस केली. बारावी मात्र त्याला सोडवेना.

"मुंबई साडेअकराच राहू दे," तो म्हणाला. "मार्जिन आहे ना आपल्याकडे. सात टक्के."

हे वाक्य मी या धंद्यात शंभरदा ऐकलंय, आणि दरवेळी माझ्या अंगात येतं. एक सत्याऐंशीचा भाव म्हणजे लावणाऱ्याला शंभराचे एकशे सत्याऐंशी परत. त्याला नुकसान होऊ नये म्हणून तो शंभरात साडेत्रेपन्न वेळा बरोबर यायला हवा. दोन्ही बाजूंचे साडेत्रेपन्न मिळून होतात एकशे सात. वरचे सात म्हणजे मार्जिन. पण ही कुंपणाची उंची आहे, आणि कुंपण तेव्हाच उपयोगी जेव्हा ते बरोबर जागी घातलंय.

"माझ्या हिशेबाने मुंबई साडेअकराच्या खाली राहण्याची शक्यता शंभरात सहासष्ट आहे," मी म्हटलं. "ज्याला हिशेब कळतो तो खाली लावेल. त्याला लागतात साडेत्रेपन्न, तुम्ही त्याला देताय सहासष्ट. शंभर लावले की सरासरी तेवीस त्याचे. तुमचे सात त्याच्या पायाखाली जातील, त्याला जाणवणारही नाहीत."

"आणि तुझी रेषा?"

"साडेदहा. खाली राहण्याची शक्यता चोपन्न, वर जाण्याची शेहेचाळीस. खालीला एक पंच्याहत्तर द्या, वरला दोन-शून्य-पाच. मार्जिन सहाच्या आसपास राहतं. चाहत्यांना दोनाच्या वरचा भाव दिसला की ते खुशीत लावतील, आणि हिशेबवाल्याला खाली काही उरत नाही."

तो म्हणाला, "दुकान माझं आहे."

"आहेच," मी म्हटलं. "मी फक्त भाव सांगितला."

फोन बंद झाल्यावर प्रमुख म्हणाली, "जरा गोड बोलता आलं असतं."

"गोडच बोलले."

"गिरगावात याला गोड म्हणतात," ती म्हणाली आणि दोघी हसलो.

त्याने साडेअकरा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला खाली उतरत होते तेव्हा प्रमुखाने परत वर बोलावलं. पडद्यावर मुंबईच्या ओळीपुढे खालीच्या बाजूला मोठमोठ्या रकमा लागत होत्या. चाहत्यांच्या छोट्या रकमा वर, त्या होत्याच, पण या वेगळ्या होत्या. एकेक जण मर्यादेला टेकेपर्यंत लावत होता, आणि नेमके तेच लोक ज्यांच्या नावापुढे गिऱ्हाइकाने हुशार म्हणून खूण करून ठेवली होती. बाकी अकरा संघांवर त्यातल्या एकानेही बोट ठेवलं नव्हतं. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सुखावून गेली. ज्यांचं पोट चुकलेल्या रेषा शोधण्यावर चालतं, त्यांना माझ्या अकरा रेषांत घेण्यासारखं काही मिळालं नव्हतं.

गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याने नमस्कारही केला नाही. "साडेदहा कर. तुझ्या भावाने."

मी केलं. प्रवाह थांबला. मग मी जेवायला गेले.

घरी अर्थातच वेगळा प्रवाह होता. रेषा जाहीर झाल्या होत्या आणि माझ्या दिराने मोबाइलवर त्या सासऱ्यांना दाखवल्या. मी दारात चप्पल काढत होते तेवढ्यात आवाज आला.

"साडेधा? अर्धो सामनो कोण जिंकता गो?"

"कुणीच नाही जिंकत. म्हणूनच अर्धा. दहा जिंकले तर खाली, अकरा जिंकले तर वर. मध्ये कुणाला अडकायला जागा नाही."

"ता रवांदे. आमचो संघ मधलो? असो रेडर घेतल्यावर मधलो?"

"मग कोपऱ्यात कोण आहे सांगा."

कोपऱ्यातल्या दोन्ही नव्या पोरांना त्यांनी खेळताना बघितलेलं होतं. डावा कोपरा घाईने उडी घालतो, हे त्यांनीच मला मागच्या वर्षी टीव्हीसमोर बसून सांगितलं होतं. पण आपल्या संघाबद्दल ते सुनेकडून ऐकणं वेगळं. "बघू," ते म्हणाले. "मॅटवर बघू."

आणि मॅटवर त्यांचंच खरं व्हायला लागलं. पहिल्या नऊपैकी सात सामने मुंबई जिंकली. सासऱ्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. शेजारची माणसं मला लिफ्टमध्ये हसून विचारायची, "काय वहिनी, साडेदहा?" मीही हसायचे. खरं सांगायचं तर मला त्याचा त्रास होत नव्हता. शेहेचाळीस म्हणजे शून्य नव्हे. ज्या गोष्टीला मी स्वतः जवळजवळ निम्मी शक्यता दिली ती घडायला लागली, तर मी दचकायचं कशाला?

त्या बुधवारी गिऱ्हाइकाचा माणूस तयारीनिशी आला होता. आता हंगामाच्या मध्यावर नव्या रेषा लावायच्या होत्या.

"नवात सात," तो म्हणाला. "म्हणजे बाविसात सतरा. मी चाहत्यांसाठी थोडं कमी करून साडेपंधरा म्हणतो. आता तरी कबूल कर, तुझा मान चुकला होता."

"थोडा चुकला असेल. शून्याचा मी अधिक दोन केलाय."

"फक्त दोन?"

"सातपैकी पाच सामने तीन गुणांच्या आत जिंकलेत. शेवटच्या चढाईवर. गुणांच्या फरकाने बघितलं तर हा संघ सरासरीपेक्षा थोडा बरा आहे, इतकंच. जिंकलेले सात आता कुणी काढून घेत नाही, ते हातात धरा. उरलेले तेरा. त्यातले या मानाने पावणेसात येतील. सात आणि पावणेसात, पावणेचौदा. रेषा साडेतेरा."

"साडेतेराला वरचा पूर येईल."

"येऊ दे. तोच पूर आपल्याला हवाय."

प्रमुखाने या वेळी पहिल्यांदा तोंड उघडलं. "गेल्या वेळी तुम्ही तुमची रेषा लावलीत आणि एका दिवसात परत आलात," ती शांतपणे त्याला म्हणाली. "या वेळी आधी तिची लावून बघा. हलवावीशी वाटली तर हलवू."

त्याने लावली. वरचा पूर आला, चाहत्यांचा, छोट्या छोट्या रकमांचा. खाली मोठं कुणी आलं नाही, वरही नाही. दोन दिवस त्याने वाट बघितली आणि मग रेषा हलवायचा विषयच काढला नाही.

पुढच्या तेरा सामन्यांत मुंबई सहा जिंकली, दोन बरोबरीत सोडवले, पाच हरली. शेवटी तेरा विजय. माझ्या पहिल्या रेषेच्या बरंच वर, दुसऱ्या रेषेच्या अगदी जरा खाली.

साखळी फेरी संपल्यावरच्या बुधवारी गिऱ्हाइकाच्या माणसाने बाराही संघ समोर मांडले. आधी मुंबई. "साडेदहा म्हणालीस, तेरा आले," तो म्हणाला. सुरात राग नव्हता, त्याला फक्त मी काय म्हणते ते ऐकायचं होतं.

"हंगामाआधीच्या माझ्या पसाऱ्यात तेरा किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात बावीस-तेवीस होती," मी म्हटलं. "म्हणजे चार-पाच संघांत एकाला असं व्हायला हवं. बारा संघांत दोन-तीन जण तरी इतके वर गेले नसते तर मीच घाबरले असते. म्हणाले असते, पसारा उगाच रुंद केला."

"किती गेले?"

"दोन. मुंबई आणि जयपूर."

"आणि बेरीज?"

"आठ बरोबऱ्या. एकशे चोवीस विजय."

तो यादीवरून बोट फिरवत होता. पाच संघ रेषेच्या वर, सात खाली. मुंबईच्या पहिल्या रेषेवर त्याला चाहत्यांना द्यावे लागले होते, दुसरीवर त्याहून जास्त परत आले. एकूण बाजार त्याने धरला होता त्या मार्जिनच्या जवळपास सुटला होता. "म्हणजे तुझं बरोबर ठरलं," तो म्हणाला.

"एका हंगामावरून नाही ठरत," मी म्हटलं. "बाराच संघ आहेत, आणि तेही एकमेकांना बांधलेले. एक जिंकला की दुसरा हरतो. चार-पाच हंगाम झाले की म्हणा. पण मांडणी बरोबर आहे, एवढं मी आजच सांगते."

"मग चार-पाच हंगाम करू," तो म्हणाला. त्यानंतर त्याने महिलांच्या लीगचंही काम आम्हालाच दिलं. प्रमुखाने फोन ठेवला, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाली, "चल, आज मी खाऊ घालते." आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या मालवणी खानावळीत गेलो. तिने दोघींसाठी सुरमई मागवली, आणि पानावर बसल्यावर पहिल्यांदाच मला कबड्डीत बोनसचा गुण नेमका कसा मिळतो ते विचारलं. मी मीठ आणि लिंबाच्या फोडी मांडून तिला बोनसची रेषा समजावली. बचावात किमान सहा जण हवेत म्हटल्यावर तिने शेजारच्या ताटातली लिंबंही मागून घेतली.

मुंबई बाद फेरीत पहिल्याच सामन्यात हरली. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा सामना नुकताच संपला होता. टीव्ही चालू, आवाज बंद. सासरे पलंगाच्या कडेवर बसले होते, हात गुडघ्यांवर. महागड्या चढाईपटूने एकट्याने सोळा गुण घेतले होते. डाव्या कोपऱ्याने चार वेळा घाईने उडी घातली होती.

मला वाटलं, आता ते काही बोलतील. मी काहीच बोलणार नव्हते. तेरा विजय हा त्यांचा आनंद होता आणि तो पुरता खरा होता. माझ्या कोष्टकाने तो काडीमात्र कमी होत नव्हता.

मी चहा ठेवला. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"त्या डाव्या कोपऱ्याच्या पोराक मी वळखतंय," ते म्हणाले. "करी रोडचो. त्येचो बापूस माझ्या शिट्टीखाली खेळलो. तोय असोच उडी मारी."

"मग त्याला कुणी थांबायला शिकवलं नाही?"

"कोण शिकवतलो? बापूसच तसो." त्यांनी कप घेतला, फुंकर घातली. "रविवारी त्येच्या मंडळाच्या मैदानावर जातंय. तू येतंस?"

मी हो म्हटलं.